वर्षपूर्तीचं पत्र लिहिताना

माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला वर्ष होत आलं, तेव्हा ग्राहकांना आभाराचं पत्र पाठवायचं ठरवलं. सोबत एक छोटी भेट. एका संध्याकाळचं काम समजून बसले, पण त्यात तीन आठवडे गेले.

पहिला मसुदा असा होता: ‘आपल्या प्रेमामुळे आम्ही यशस्वी एक वर्ष पूर्ण केले आहे. या आनंदात ठरावीक रकमेच्या खरेदीवर आकर्षक भेटवस्तू!’ भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, “ताई, आभार कुठे आहेत यात? ही तर सेलची जाहिरात झाली.” त्याचं खरं होतं. खरेदीची अट आली की वाचणारा आधी आकडा शोधतो आणि आभाराच्या ओळी वाचायच्याच राहतात. अट काढून टाकली.

मग नोंदवही उघडली आणि वर्षभरात नक्की काय घडलं ते शोधलं. पत्राची सुरुवात तिथे सापडली: ‘पहिल्या महिन्यात आपल्या दुकानात आलेख कागद नव्हता. तुमच्यापैकी तिघांनी तो मागितला, म्हणून आणला. आज दुकानात एक अख्खं कपाट तुम्ही मागितलेल्या वस्तूंचं आहे. त्याबद्दल मनापासून आभार.’ एवढंच. ‘आम्ही’ काढून ‘मी’ केलं, खाली सही हातानं केली.

भेटीचा हिशेब जास्त वेळ खाणारा निघाला. सवलत द्यायची नव्हती. सवलतीवर कोणी एक पेन घेईल, कोणी पंचवीस वह्या. खर्च किती होईल हे आधी कळत नाही, आणि पुढे लोक मूळ किमतीला बिचकतात. वस्तू दिली तर जास्तीत जास्त खर्च पहिल्या दिवशीच ठाऊक असतो. नोंदवहीत 310 नावं होती, त्यातली दोन किंवा अधिक वेळा आलेली 184. पत्र त्यांनाच. एका चांगल्या आठवड्याचा नफा बाजूला काढला, त्याला 184 नं भागलं. आलेल्या रकमेत खिशात मावणारी टिपणवही बसत होती. न खपलेल्या किचेनचा खोका घरात पडून होता, तोच वाटून टाकायचा मोह झाला होता. पण त्या किचेन लोकांनी वर्षभर काउंटरवर लटकताना पाहिल्या होत्या. न विकलं गेलेलं हातात ठेवून आभार मानणं मला पटेना.

शेवटची तारीख स्पष्ट लिहिली. ‘मर्यादित कालावधीसाठी’ म्हटलं की सहा महिन्यांनी पत्र घेऊन आलेल्याला नाही म्हणता येत नाही. मी तीस दिवस दिले आणि 184 वह्या आणल्याच. सगळे येत नाहीत हे माहीत होतं, पण पत्र म्हणजे शब्द दिलेला.

ज्यांचे नंबर होते त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्टनं पत्राचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी पाहिलं तर बऱ्याच जणांपुढे एकच टिक. ब्रॉडकास्टचा संदेश फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच पोचतो. उरलेल्यांसाठी पत्रं छापली आणि ते दुकानात आले की पिशवीत ठेवू लागले.

चौथ्या दिवशी दोन मुलं एकाच पत्राचा फोटो दाखवत आली. पत्रावर ना नाव होतं ना क्रमांक. चूक माझीच, म्हणून दोघांनाही वही दिली. त्यानंतरच्या प्रत्येक छापील पत्रावर नोंदवहीतला क्रमांक घातला. फोटो घेऊन येणाऱ्याचं नाव वहीत शोधून, भेट दिली की तिथेच खूण करू लागले.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दुपारी काउंटर सांभाळणाऱ्या मुलीला मी भेटीबद्दल सांगायलाच विसरले होते. एक आजोबा पत्र घेऊन आले, तिनं “अशी काही भेट नाही” म्हणून त्यांना परत पाठवलं. आलेख कागद मागणाऱ्या पहिल्या तिघांतले ते एक. संध्याकाळी तिनं सांगितलं तेव्हा मी लगेच फोन करून माफी मागितली. मग गल्ल्याशेजारी एक कागद चिकटवला: भेट काय, कोणत्या तारखेपर्यंत, खूण कुठे करायची. पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी लागायला हवा होता तो.

तीस दिवसांत 131 वह्या गेल्या. त्यातली एक आजोबांची. त्यांनी काउंटरवरच ती उघडली, पेन मागितलं, पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. आलेख कागद, दोन दस्ते.