‘वाट’ अडवली आणि वाटी गेली

टेबल कॅलेंडरच्या ऑर्डरीत सर्वांत शेवटी आठवतो तो मजकूर. चित्रं ठरतात, कागदाचा जीएसएम ठरतो, स्पायरल काळी की पांढरी यावरही चर्चा होते. मग कुणीतरी म्हणतं, ‘खाली एकेक सुविचार टाका की.’ हिंजवडीतल्या एका कंपनीच्या या साप्ताहिक कॅलेंडरला 52 ओळी लागणार होत्या. फोनवरच्या बाईंनी मात्र एक अट घातली, आणि त्या अटीमुळे काम रंगलं. ‘जर्नी, पॅशन, हसल यांतलं काही नको. मराठीतही नको. मागच्या वर्षीचं कॅलेंडर लोकांनी चहाच्या कपाखाली ठेवलं.’

ओळींचा कच्चा माल आम्ही ऑफिसातल्याच मशीनवर चालणाऱ्या एका लहान, खुल्या भाषा-मॉडेलमधून काढतो. नमुन्यादाखल दहा ओळी द्यायच्या, पुढच्या त्याने लिहायच्या, असा साधा मामला. बंदी न घालता 400 ओळी काढल्या, तेव्हा बाईंची तक्रार डोळ्यांसमोर उभीच राहिली. प्रवास, स्वप्न, ध्येय, जिद्द, यश, संघर्ष, वाट या सातांपैकी एकही शब्द नाही अशी ओळ शोधावी लागत होती. जर्नी आणि पॅशन देवनागरीतूनही येत होते, तेही ‘पॅशन’ आणि ‘पैशन’ अशा दोन्ही रूपांत. म्हणजे यादीत दोन्ही हवेत.

पहिली चूक बंदीच्या जागेची होती. भाषा-मॉडेलं चालवायच्या transformers या पायथॉन लायब्ररीत मजकूर तयार होत असतानाच शब्द अडवायची सोय आहे, तिचं नाव bad_words_ids. ऐकायला छान वाटतं. पण मॉडेल शब्द अख्खा लिहीत नाही, तुकड्यातुकड्याने लिहितं. आमच्या मॉडेलमध्ये ‘प्रवास’चे अनेक तुकडे पडत होते, आणि ही सोय त्या मालिकेतला फक्त शेवटचा तुकडा अडवते. तोपर्यंत ‘प्रवा’ लिहून झालेलं असतं. मग बिचारं मॉडेल करणार काय? ‘आयुष्याचा प्रवाह सुंदर आहे’, ‘प्रवाहात थांबू नका’ अशा ओळींचा पूर आला. शिवाय ‘प्रवासाने’ लिहिताना ‘सा’ हा जोडून एकच तुकडा होत होता. तो यादीत नव्हता, त्यामुळे ते रूप बिनधास्त सुटत होतं. विभक्ती लागली की मराठी नामाचं सामान्यरूप होतं, तुकडे बदलतात आणि पहारा फसतो. शेवटी ही सोय बंद केली. ओळ पूर्ण होऊ द्यायची, मग बंदीचे शब्द शोधणाऱ्या चाळणीतून काढायची आणि अडकली तर नवी काढायची. वेळ जास्त जातो, पण अर्धवट शब्दाची रड राहत नाही.

चाळणी लावल्यावर शब्द गेले, ओळी मात्र तशाच राहिल्या. प्रवासाच्या जागी वाटचाल आली, तीही बंद केल्यावर मार्गक्रमण आलं. स्वप्नाऐवजी आकांक्षा, पॅशनऐवजी ध्यास. यादी वाढवत नेली तशी भाषा चढत गेली, आणि ‘अभ्युदय’ हा शब्द कॅलेंडरवर दिसू लागल्यावर आम्ही थांबलो. बंदी कुठवर ताणायची याची ही खूण कामाची आहे: बदली शब्द मूळ शब्दापेक्षा वाईट यायला लागला की यादी पुरे. ‘कष्ट’ आम्ही यादीतून परतही घेतला. तो घासलेला आहे, पण घरात बोलला जातो. ‘परिश्रम’ कुठल्या घरात बोलतात?

खरा दोष वाक्याच्या सांगाड्यात होता. ‘अपयश हा शेवट नाही, ती नव्या सुरुवातीची पायरी आहे.’ यातून अपयश काढा आणि थकवा घाला, पायरी काढा आणि चाहूल घाला, वाक्य उभंच. मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंनी त्यातून एक कसोटी काढली आणि ती दिवसभर चालली. ओळीतलं मुख्य नाम काढायचं, त्या जागी जवळचंच दुसरं नाम ठेवायचं. ओळीला काही फरक पडला नाही, तर तिच्यात मुळात काही नव्हतं.

‘पुणेरी पाटीत कधी ध्येय वाचलंय का?’ ताईंनी विचारलं. पाटी एका माणसाला एका वस्तूबद्दल काहीतरी सांगते. गाडी, घंटी, फाटक, दुपारची वेळ. जुन्या म्हणीही तशाच. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ यात पाणी आहे आणि आवाज आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यात अंगण. गुणाचं नाव कुठेच घेतलेलं नाही.

म्हणून नियम उलटा केला. काय नको याच्या जोडीला काय हवं तेही द्यायचं. घरातल्या साठ वस्तूंची यादी केली: विरजण, कुकर, छत्री, फडकं, कपडे वाळत घालायची दोरी, शर्टाचं बटण, सांडशी, पाट्याचा वरवंटा. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द यांतलाच द्यायचा आणि पुढचं मॉडेलकडून घ्यायचं. त्यामुळे ओळ अमूर्तात सुरूच होऊ शकत नाही. दुसरा नियम शेवटाचा: ओळ ‘आहे’, ‘असतो’, ‘असते’, ‘असतं’ किंवा ‘होय’ यांवर संपायची नाही. व्याख्या करायचा मोह इतक्याने बराच मोडतो. पुरता नाही, कारण ‘छत्री म्हणजे आयुष्यातला विश्वास’ अशीही ओळ आली. तिला शेवटचं क्रियापदच नव्हतं, त्यामुळे नियमातून ती सहज निसटली. ‘म्हणजे’ आणि ‘आयुष्य’ त्याच क्षणी यादीत गेले.

आता ओळींना चव यायला लागली. कच्ची ओळ अशी होती: ‘विरजण लावल्यावर रात्रभर थांबावे आणि सारखे बघून दही बिघडवू नये.’ ताईंनी ती अशी केली: ‘विरजण लागायला रात्र लागते, चमचा घालून बघू नये.’ यात विरजणाच्या जागी कुकर ठेवून पाहिला, तर ओळ कोसळते. कसोटीला उतरली. ‘पहिलं बटण चुकलं की कळतं शेवटच्याला’ ही जवळजवळ तशीच आली, फक्त ‘माणसाला’ हा शब्द काढला आणि सुरुवातीचं ‘बटण’ एक घर मागे नेलं. ‘दूध उतू जाताना फडकं शोधू नये’ यातही सुरुवातीचं फडकं तसंच मागे नेलं.

कचरा भरपूर होता, ते सांगायलाच हवं. ‘सांडशी ज्याची, त्याला रात्र भुकेली’ याचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. वैविध्यासाठी टेंपरेचर, म्हणजे मॉडेलने शब्द किती मोकळेपणाने निवडायचे ते ठरवणारा आकडा, वाढवलं की असलं जास्त येतं आणि कमी केलं की साठ वस्तूंच्या साठ ओळी एकाच चालीवर येतात, सगळ्या ‘नये’वर संपणाऱ्या. आम्ही मधलं धरलं आणि ‘नये’च्या ओळी वीसच्या वर जाऊ दिल्या नाहीत. ताजी वाटणारी ओळ खरंच ताजी आहे का, हेही बघावं लागतं. ‘विहीर तहान लागल्यावर खणू नये’ ही दोघांना आवडली होती. ती तर वाक्प्रचाराचीच उलटापालट. आयती वाटते त्या ओळीकडे जास्त संशयाने बघायचं.

संध्याकाळी साडेपाचला 49 ओळी हातात होत्या आणि मॉडेल दमल्यासारखं तेच तेच देत होतं. ताई म्हणाल्या, ‘चाळणीने टाकलेलं बघू दे जरा.’ टाकलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत साठत होत्या, पण त्या कुणी वाचत नव्हतं. तिसऱ्याच पानावर त्यांचं बोट थांबलं.

‘वाटी परत करताना रिकामी देऊ नये.’

यात बंदी घातलेला शब्द कुठे आहे? कुठेच नाही. तरीही ओळ बाहेर, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: वाट. खाली तशाच आणखी: वाटाण्याची एक, ‘वाटेल’ची एक. याउलट ‘छत्री घेऊन पायवाटेवर स्वतःला शोधा’ ही मंजूर यादीत सुखाने बसलेली. चाळणीच्या कोडमधली ओळ तपासली तेव्हा कळलं:

```python
import re
re.findall(r"\bवाट\b", "वाटी वाटाणा वाटेल पायवाट वहिवाट")
# ['वाट', 'वाट', 'वाट', 'वाट']
```

पाच शब्दांत चार पकडी, आणि सुटला तो नेमका पायवाट. पायथॉनचं शब्द शोधायचं साधन re काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे \b, म्हणजे शब्दाची सीमा, भलत्याच जागी दिसते. ‘वाटी’त ट नंतर वेलांटी आहे, तिथे त्याला शब्द संपला असं वाटतं. ‘वहिवाट’मध्ये हि नंतर नवा शब्द सुरू झाला असं वाटतं. ‘पायवाट’मध्ये य आणि व दोन्ही अक्षरं लागून आहेत, म्हणून तिथे त्याला सीमा दिसतच नाही. ‘वाटतं’ही याच कारणाने सुटतो, तो मात्र आमच्या सोयीने. इंग्रजी मजकुरावर हीच ओळ वर्षानुवर्षं नीट चालत असल्याने तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

regex नावाची वेगळी लायब्ररी काना-मात्रांना शब्दाचाच भाग धरते, तिने सीमेचा प्रश्न सुटतो. पण मग ‘वाटेत’, ‘वाटेवर’ मोकळे सुटतात, कारण ते खरंच वेगळे शब्द ठरतात. म्हणून शेवटी सरळ रूपांची यादीच केली. ओळ मोकळ्या जागांवर तोडायची, कडेची विरामचिन्हं काढायची आणि प्रत्येक शब्द यादीत आहे का ते पाहायचं: वाट, वाटेत, वाटेवर, वाटेने, वाटेला, वाटेची, पायवाट, पायवाटेवर. ‘वाटे’ने सुरू होणारं सगळं अडवता येत नाही, नाहीतर ‘वाटेल’ पुन्हा जातो. सात शब्दांची रूपं हाताने लिहायला अर्धा तास लागला. ‘वाटा’ मात्र यादीत घातला नाही. तो अनेक वाटांचाही असतो आणि खर्चातलाही, ते माणसानेच बघायचं.

दुरुस्त चाळणीतून टाकलेल्या ओळी पुन्हा घातल्या. पायवाट गेली, त्यामुळे 48 उरल्या, आणि कचऱ्यातून चार परत आल्या. वाटीची ओळ दिवाळीच्या आठवड्याला लावली, कारण त्याच दिवसांत फराळ इकडून तिकडे जातो.

दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या बाईंकडून प्रूफ परत आलं. एकच दुरुस्ती होती: ‘आमच्याकडे आता सगळे डबेच देतात. वाटीच्या जागी डबा चालेल का?’

ताईंनी डबा घालून ओळ दोनदा मोठ्याने वाचली. ओळ कोसळली नाही, तशीच उभी राहिली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग कसोटीचं नाव न काढता समासात लिहिलं, ‘वाटीच राहू द्या,’ आणि प्रूफ छपाईला पाठवलं.