दाढेचं रूट कॅनाल आणि नंतरची कॅप, माझा अनुभव

दाढ खालची, उजवीकडची, अक्कलदाढ सोडली तर मागून दुसरी. तिच्यात बऱ्याच वर्षांपूर्वी केलेलं मोठं फिलिंग होतं आणि त्याच्या कडेने आतल्या आत कीड पसरत गेली होती, हे नंतर कळलं. आधी फक्त थंड पाण्याने झिणझिणायचं. मग हळूहळू पाणी गिळून झाल्यावरही कळ रेंगाळायला लागली, आणि शेवटी रात्री आडवं झालं की आपोआप ठणका सुरू, बसलं की जरा कमी. दातातली नस (डॉक्टर पल्प म्हणतात, त्यात नुसती नस नसते, रक्तवाहिन्या पण असतात) चारही बाजूंनी कडक भिंतीत बंद असते, त्यामुळे सूज आली की तिला फुगायला जागाच नसते आणि आडवं झाल्यावर डोक्याकडचा दाब वाढला की दुखणं वाढतं.

डॉक्टर मॅडमनी लगेच ड्रिल काढलं नाही, आधी तपासण्या केल्या. बर्फासारखा गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावला, तिथे गार लागलं आणि बोळा काढल्यावर दोन-तीन सेकंदांत गेलं. मग दुखऱ्या दाढेला लावला तर कळ अशी आली की मी खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि बोळा काढून झाल्यावर पण ती अर्धा मिनिट तरी गेली नाही. हा फरकच त्यांना बघायचा होता. कळ पटकन जात असेल तर नस अजून सावरू शकते, फिलिंग बदलून भागतं, पण अशी रेंगाळणारी आणि आपोआप उठणारी कळ म्हणजे नस आता परत बरी होणार नाही. मी विचारलं, गोळ्यांनी नाही का होणार? त्या म्हणाल्या, "पेनकिलरने दुखणं दबेल, पण अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. नस मरत चाललीय, तिथे रक्तच नीट पोचत नाही तर औषध कुठून पोचणार?"

एक्सरेत मुळांच्या टोकाशी काळा डाग नव्हता, म्हणजे इन्फेक्शन अजून हाडापर्यंत गेलेलं दिसत नव्हतं.

आता भुलीबद्दल, कारण सगळ्यांना भीती त्याचीच असते. खालच्या दाढांसाठी इंजेक्शन दाताजवळ न देता मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला देतात, तिथून नस जबड्यात शिरते. थोड्या वेळाने अर्धा ओठ जड झाला, हनुवटी बधीर झाली, छातीत जरा धडधड पण झाली (भुलीत अ‍ॅड्रेनालिन असतं, ते दोन-तीन मिनिटांत निवळतं). मला वाटलं झालं आता. पण मॅडमनी परत तोच गार बोळा लावला आणि दाढेला अजून कळलं! ओठ बधीर आणि दाढ जागी. सुजलेल्या नसेच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं म्हणे, खालच्या दाढांना तर जास्तच. मग त्यांनी हिरडी आणि दात यांच्या फटीत बारीक सुईने अजून थोडी भूल दिली, तेव्हा दाब खूप जाणवला, पण त्यानंतर बोळा लावला तर काहीच नाही. म्हणून माझं म्हणणं, ओठ जड झाला एवढ्यावर गप्प बसू नका, काही टोचलं तर हात वर करा. भूल वाढवता येते.

मग रबर डॅम लावला. पातळ रबराचा चौकोनी तुकडा, त्याला एक भोक, त्यातून फक्त माझी दाढ वर आलेली आणि एका छोट्या क्लॅम्पने ते रबर दाढेच्या मानेशी पकडलेलं. पहिली पाच मिनिटं गुदमरल्यासारखं वाटतं, नाकाने श्वास घ्यायची सवय झाली की काही नाही. याचा फायदा नंतर कळला, एक म्हणजे थुंकीतले जंतू आत जात नाहीत आणि दुसरं म्हणजे आत सोडतात ते औषध आणि त्या बारीक सुया घशात जात नाहीत.

जुनं फिलिंग आणि कीड काढून वरून भोक पाडलं, खालची पोकळी उघडली. माझ्या दाढेला दोन मुळं, पण कॅनाल, म्हणजे मुळातून नस जाते त्या बारीक वाटा, तीन निघाले, पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक. खालच्या या दाढेत कधी चौथा पण असतो, त्यामुळे मॅडम डोळ्यांवरच्या भिंगातून तळ बराच वेळ बघत होत्या. एखादा कॅनाल राहून गेला तर त्यातली घाण तशीच राहते आणि रूट कॅनाल फेल जाण्याचं ते एक मोठं कारण आहे, त्यामुळे हा वेळ फुकट नव्हता.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला तो लांबी मोजायचा प्रकार. आत दिसत तर काही नाही, मग सुई कुठे थांबवायची? ओठाला एक छोटा हुक अडकवला, दुसरी वायर फाइलला, म्हणजे कॅनाल घासायच्या त्या बारीक सुईला, आणि फाइल जशी मुळाच्या टोकाकडे जाते तसं मशीन बीप-बीप करतं आणि टोकाशी एकसारखा आवाज येतो. याला अ‍ॅपेक्स लोकेटर म्हणतात, तो विजेचा रोध मोजतो. मग फाइलवरचं छोटं रबरी स्टॉपर दाताच्या कंगोऱ्याला टेकवायचं, फाइल बाहेर काढायची आणि पट्टीवर मोजायचं. मागचा कॅनाल 20 मिलिमीटर भरला, पुढचे दोन जरा वेगळे. टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर आधी थांबतात, कारण बाहेर गेलं तर हाडात टोचतं आणि दुखतं, कमी गेलं तर टोकाशी घाण राहते. पहिली फाइल 10 नंबरची असते, म्हणजे टोकाशी फक्त 0.10 मिलिमीटर जाड. त्यानंतर मशीनवरच्या लवचिक फाइल्सनी कॅनाल रुंद करत गेल्या.

खरं साफसफाईचं काम फाइल करत नाही, औषध करतं. कॅनाल सरळ नळीसारखा नसतो, त्याला बारीक फाटे असतात, तिथे कुठलीच फाइल पोचत नाही. म्हणून प्रत्येक फाइलनंतर सोडियम हायपोक्लोराइट सिरिंजने आत सोडतात, तोच वास जो फरशी साफ करायच्या ब्लीचला येतो, रबर असूनही नाकात बसला. ते उरलेली नस विरघळवतं आणि जंतू मारतं. शेवटी अजून एक द्रव वापरला, भिंतीला बसलेला भुसा काढायला.

माझ्या डॉक्टरांनी एका बैठकीत सगळं संपवलं नाही, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून तात्पुरतं सिमेंट लावून घरी पाठवलं. भूल उतरल्यावर जुना ठणका गायब, पण दाढेवर दाढ टेकली की दुखायचं. मी घाबरून फोन केला, नस काढली तरी दुखतं कसं? तर दाताच्या मुळाभोवती हाडाला बांधून ठेवणारे तंतू असतात आणि त्यांना स्वतःच्या संवेदना असतात, ते काही दिवस सुजलेले राहतात. ते रोज कमी कमी होत गेलं पाहिजे. वाढत गेलं, गालाला सूज आली किंवा ताप आला तर वाट न बघता जायचं.

पुढच्या वेळी पेस्ट धुऊन कॅनाल कागदी काड्यांनी सुकवले, मग गटापर्चा भरलं, झाडाच्या चिकातून येणारं रबरासारखं गुलाबी-केशरी, निमुळत्या काड्यांच्या आकाराचं, आणि सोबत फटी बुजवायला सीलर. एक्सरेत तीन पांढऱ्या रेघा टोकापर्यंत गेलेल्या दिसल्या. हे तसं पटकन झालं. वरची पोकळी पक्क्या फिलिंगने बांधून घेतली, याला कोअर म्हणतात.

आणि मग कॅपचा विषय. मी म्हटलं दुखत नाही, फिलिंग छान बसलंय, कॅप कशाला? तोपर्यंत मी हेच ऐकलेलं की नस काढल्यावर दात वाळून ठिसूळ होतो, पण ते फारसं खरं नाही, दातातला ओलावा खूप काही बदलत नाही. खरा प्रश्न किती दात उरलाय हा असतो. 1989 साली छापलेला एक प्रयोग आहे, त्यात सुळ्यांमागच्या छोट्या दाढांवर मोजलं होतं: नुसतं रूट कॅनालचं भोक पाडल्याने दाताचा ताठपणा साधारण 5 टक्के कमी झाला, पण पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंच्या कडा तोडणारं मोठं फिलिंग केलं तर 60 टक्क्यांहून जास्त. माझ्या दाढेत नेमकं तेच होतं. एक कड जुन्या फिलिंगने गेलेली, दुसरी किडीने, त्यात मधलं छत रूट कॅनालसाठी उघडलेलं. उरल्या चार सुट्या कंगोऱ्यांच्या भिंती, आणि चावताना वरची दाढ त्यांच्यामध्ये पाचरीसारखी घुसते. तडा मुळापर्यंत गेला की दात वाचत नाही, काढावाच लागतो, रूट कॅनाल कितीही चांगलं झालेलं असो. कॅप त्या भिंती बाहेरून एकत्र धरून ठेवते आणि वरून थुंकी झिरपून आत जंतू जाण्याचा रस्ता पण बंद होतो.

म्हणूनच कॅप सरसकट सगळ्यांना लागत नाही. समोरच्या दातात छोटं भोक मागून पाडलेलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर बऱ्याचदा साधं फिलिंग पुरतं.

कॅपसाठी दाढ चारही बाजूंनी घासतात, वरून दीडेक मिलिमीटर. हे बघून मला वाईट वाटलं, उरलेलं पण घासताय? पण हिरडीच्या वर सगळीकडून दोनेक मिलिमीटर तरी मूळचा दात उरला पाहिजे, कॅपची कड त्याला मिठी मारते, तेवढा नसेल तर कॅप निघते किंवा दातच मोडतो. माझ्याकडे एका बाजूला जेमतेम होता. मग माप घेतलं, तात्पुरती कॅप लावली आणि कायमची झिर्कोनियाची तयार झाल्यावर बसवून बघितली. निळा कागद दातात धरून टकटक चावायला लावलं, तर एका कंगोऱ्यावर गडद ठिपका, तेवढंच घासलं, परत चावायचं, असं ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत. इथे घाई करायची नाही, भूल नसते त्यामुळे आपल्यालाच कळतं, जरा जरी आधी टेकतंय असं वाटलं तर सांगायचं, कारण उंच राहिलेली कॅप रोज त्या मुळाला ठोकत राहते. शेजारच्या दाताशी फ्लॉस थोडं अडकून सुटतोय ना तेही बघितलं, मगच पक्क्या सिमेंटने चिकटवली.

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते, आणि आता नस नसल्याने ती दुखणारच नाही. म्हणून ब्रश त्या कडेवरून हिरडीलगत फिरवायचा, फ्लॉस करायचा, आणि वर्षभराने एक एक्सरे काढून मुळांच्या टोकाशी हाड ठीक आहे ना ते बघायला मॅडमनी बोलावलंय.