मुठीतलं रक्त

गुरुवार, रात्र

तपास अधिकाऱ्यांचा आज तिसऱ्यांदा फोन आला. "मॅडम, आरोपीनं स्वतः कोयता काढून दिलाय. पंचनामा झालाय. त्याच्यावर रक्त आहे, हे तुम्हीच म्हणता. मग माणसाचं नाही, असं कसं?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मीही पुन्हा पहिल्यापासून आठवत बसले.

पातं धुतलेलं होतं. गंजाच्या डागावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला, रंग आला नाही. मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर गुलाबी झाला. पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी झाला असता, तर गंजाचाच संशय धरला असता. तरी ही चाचणी नुसती खूण दाखवते. काही भाज्यांचा रसही तिला फसवतो. म्हणून मूठ सोडवली. लोक पातं घासतात, पण मुठीच्या सांध्यात मुरलेलं रक्त तसंच राहतं. तिथल्या काळपट खपलीतून ताकायामा चाचणीत नारिंगी-गुलाबी सुयांसारखे स्फटिक दिसले. रक्तच होतं.

पुढचा प्रश्न, कोणाचं? जेलच्या पट्टीवर एका खळग्यात खपलीचा अर्क, समोरच्या खळग्यांत एकेका प्राण्याचं रक्त ओळखून रेघ उमटवणारे वेगवेगळे प्रतिसीरम, आणि रात्रभर थांबणं. सकाळी मानवी प्रतिसीरमच्या बाजूला काहीच नव्हतं. शेळीच्या बाजूला मात्र बारीक पांढरी रेघ. अर्क फार दाट असला तर रेघ उमटत नाही, म्हणून पातळ करून पुन्हा लावला. शेजारीच माणसाच्या माहीत असलेल्या रक्ताचा नमुना ठेवला होता, त्याची मानवी प्रतिसीरमशी रेघ ठळक आली. म्हणजे सीरम खराब नव्हतं. उत्तर तेच.

"मग 'निष्कर्ष काढता आला नाही' एवढं लिहा ना," ते म्हणाले. त्यांच्यावर वरून दबाव आहे, ते आवाजात कळत होतं. पण ते वाक्य रक्त कुजून कुठल्याच सीरमला उत्तर देत नाही तेव्हाचं आहे. इथं उत्तर मिळालंय. मी त्यांना एवढंच सांगितलं, की अहवालात 'शेळी किंवा मेंढी' असं येईल, कारण हे सीरम त्या दोघींत फरक करत नाही. आणि आरोपी निर्दोष आहे असंही मी लिहिणार नाही. या कोयत्यावर माणसाचं रक्त सापडलं नाही, इतकंच माझ्या हातात आहे.

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "त्याची बायको म्हणत होती, जत्रेला बकरं कापलं होतं. आम्ही ते लिहूनसुद्धा घेतलं नाही."

त्यांचा राग आला नाही मला. मृताच्या आईचा विचार मात्र डोक्यातून जात नाहीये. तिला कोणीतरी सांगितलं असेल, हत्यार सापडलं म्हणून.

उद्या सकाळी मूठ वेगळ्या पाकिटात घालून लाखेचं सील करायचं. शवविच्छेदन अहवालातल्या जखमांची मापंही त्यांच्याकडून मागवायची आहेत.