ते बरे झाले की

आज शनिवार, आणि मंगळवारचा इंटरव्ह्यू अजून डोक्यातून जात नाहीये. नकार आला म्हणून नाही, नकार येतातच. एक वाक्य अडकलंय, भांडी घासताना येतं, रात्री कूस बदलली की येतं.

कुपवाडची हळद पावडरची मिल, लॅब केमिस्टची जागा. मालक, त्यांचा मुलगा आणि लॅब बघणारे एक सर. मालकांनी बायोडेटा दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "मॅडम, एमएस्सी, पुण्यात अकरा वर्षं फार्मात, एचपीएलसी वगैरे सगळं. आमच्याकडं एक ओव्हन आणि एक जुना स्पेक्ट्रो. तुम्ही टिकणार का इथं?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी मी घाईघाईनं म्हटलं, वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय, त्यांच्यासाठी आलेय, आता कुठं जाणार मी. आणि त्यांच्या मुलानं, अगदी सहज, चांगल्या मनानंच विचारलं, "म्हणजे ते बरे झाले की परत पुणं?"

मला काही बोलताच येईना. आण्णा बरे होऊन डायलिसिस सुटेल असं आता कुणी म्हणत नाही. मग त्या प्रश्नाचा खरा अर्थ काय होतो ते मी तिथंच बसून मनात पुरं केलं आणि घशात काहीतरी आलं. त्यांना वाटलं मी उत्तर टाळतेय.

बाहेर पडल्यावर रिक्षात रडले. अकरा वर्षं ज्या डिग्रीवर घर चालवलं तीच आता गुन्ह्यासारखी लपवायची का? एक मैत्रीण म्हणाली एमएस्सी काढून टाक बायोडेटातून, बीएस्सीच ठेव. ते मला पटलं नाही. ती दोन वर्षं कुठं गेली ते कुणी विचारलं की खोट्यावर खोटं सांगत बसायचं.

पण बुधवारी रात्री आण्णा झोपल्यावर परत त्याच वाक्याकडं गेले आणि दुसरंच दिसलं. त्या मुलाचं चुकलं नव्हतं. राहण्याचं कारण म्हणून मी त्यांना फक्त आण्णांचं आजारपण दिलं होतं, आणि ते कारण कधी ना कधी संपतं. म्हणजे मी कधी जाणार हे मीच त्यांना सांगून बसले होते. 'ते बरे झाले की' हे शब्द त्याचे, पण वाक्य माझंच होतं.

आणि त्यांची भीती खोटी नाही. आधीची मुलगी चार महिन्यांत गेली, तेही ऐन सीझनला, फेब्रुवारीत, मार्केट यार्डात आवक जोरात असताना. नवा माणूस मिळेपर्यंत टेस्टिंगचं रजिस्टर कोरं. त्यांना माझ्या डिग्रीचं काही नाही, त्यांना ते कोरं रजिस्टर परत बघायचं नाहीये.

दुसरी चूक पगाराची. विचारल्यावर मी म्हटलं, "द्याल तेवढा चालेल." मला वाटलं यानं त्यांना बरं वाटेल. उलट मालकांचा चेहरा उतरला. आता कळतं का ते. जिला कितीही चालतं तिनं हिशोबच केलेला नाही, आणि हिशोब न करता आलेलं माणूस पहिला चांगला फोन आला की जाणार. म्हणून बुधवारी वही घेऊन बसले. पुण्यात हातात 62 यायचे. त्यातून भाडं-मेंटेनन्स 22, पोराचं डे-केअर 8, जाण्यायेण्याचे 5. उरायचे 27. इथं घर आपलं, शाळा चालत जायच्या अंतरावर, दुपारी आई घरात. इथं 28 मिळाले तर मी तिथल्याइतकीच उभी आहे. हा हिशोब मी आधी स्वतःलाच सांगितला नव्हता.

शुक्रवारी दुसरीकडं बोलावलं होतं, मसाल्याचंच काम, जरा मोठं युनिट. तोच प्रश्न, दहाव्या मिनिटाला. या वेळी आण्णांचं नाव मी शेवटी घेतलं. आधी जे झालेलं आहे तेच सांगितलं: पुण्याची जागा सोडली, डिपॉझिट परत आलं, मुलाची सहावीची ॲडमिशन इथं झाली. मग वहीतला आकडा सांगितला, 62 चे 27 कसे उरतात तेही, आणि म्हटलं, 28 च्या खाली मला जमणार नाही, 28 असले तर पगारासाठी मी पुण्याकडं बघणार नाही.

मग कामावर आले, आणि मंगळवारी हेच तर राहिलं होतं. त्यांच्याकडंही ओलावा ओव्हनमधेच बघतात, 105 डिग्रीला. मी म्हटलं, हळदीत उडून जाणारं तेल असतं, ओव्हनमधे पाण्याबरोबर तेही जातं आणि सगळं वजन ओलावा म्हणून मोजलं जातं. पावडरला मर्यादा 10 टक्क्यांची. खरा 9.6 असलेला लॉट तुमच्याकडं 10 च्या वर दिसू शकतो आणि चांगला माल अडकून पडतो. टोल्युइनबरोबर उकळून पाणी वेगळं मोजायची पद्धत आहे, काचेचं सामान फार महाग नाही, ते मी बसवून देईन. हे बोलताना माझा आवाज आपोआप बदलला. मला हे काम खरंच करायचंय हे मला तिथं खुर्चीत बसून कळलं. फार्मात मी एका मोठ्या मशीनचा एक कोपरा बघायचे. इथं पोतं उघडण्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं हातातलं आहे.

त्यांचे लॅब इनचार्ज गप्प होते, वयानं माझ्यापेक्षा लहान, बीएस्सी. भीती मालकांइतकीच त्यांनाही असणार, वेगळी. मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, "सर, रिपोर्टवर सही तुमचीच राहील. तुमच्या सीझनचा अनुभव मला नाही, तो मला शिकायचाय." हे मनापासून होतं. मला अजून नुसत्या बोटानं कांडी मोडून वाळली की नाही ते सांगता येत नाही.

"पण चांगली ऑफर आली तर?" मालकांनी शेवटी विचारलंच. येणारच नाही असं मी म्हटलं नाही, ते त्यांनी मानलं नसतं. म्हटलं, "दोन सीझन मी नक्की आहे. त्याच्या पुढचा शब्द आज देत नाही. जायचं झालंच तर दोन महिने आधी सांगेन, फेब्रुवारी ते मे या काळात जाणार नाही, आणि त्याआधी सगळ्या टेस्टची पद्धत मराठीत लिहून एकाला हाताखाली तयार करून जाईन." त्यांनी पेन काढलं आणि 'फेब्रु ते मे' एवढंच बायोडेटाच्या कडेला लिहिलं.

मग त्यांनी वडिलांचं विचारलं. मी सांगितलं, सोमवार-गुरुवार असतं, नोकरी लागली की भाऊ नेणार, तसं ठरलंय. आणि ते नसले तरी मी इथंच राहणार आहे, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. आवाज हलला नाही. घरी येऊन आण्णांच्या पायाशी बराच वेळ बसले, त्यांनी विचारलं, "झालं का गं काम?" मी म्हटलं, बघू.

सोमवारी सकाळी कळवतो म्हणालेत. मी सांगून आले, दुपारी दोनच्या आत फोन करू नका, तोवर मी आण्णांना घेऊन मिरजेला असते.