पडद्यावर 940 डॉलर

स्ट्रीम संपली तेव्हा पडद्यावरच्या मीटरने 940 डॉलर दाखवले होते. गायक आणि त्याचे दोन साथीदार खुशीत होते. तिघांत सारखी वाटणी आधीच ठरलेली. "ताई, प्रत्येकी तीनशेच्या वर आले ना? आजच देऊन टाकू," तो म्हणाला. लाइव्ह कार्यक्रमांचं तांत्रिक काम आणि हिशेब मी सांभाळते. मी त्याला थांबवलं आणि डॅशबोर्ड उघडला.

मीटर मोजतो तो प्रेक्षकाने दिलेला पैसा, आपल्या हाती येणारा नव्हे. त्या 940 पैकी 600 यूट्यूबच्या सुपर चॅटचे, म्हणजे प्रेक्षक पैसे भरून पाठवतो त्या मेसेजचे होते. त्यातला 70 टक्के वाटा चॅनेलला मिळतो, पण तो स्थानिक कर वजा झाल्यावर, आणि प्रेक्षकाने आयफोनच्या अ‍ॅपमधून पैसे भरले असतील तर अ‍ॅप स्टोअरचं शुल्कही वजा झाल्यावर. कर बाजूला ठेवून मी अंदाज मांडला. ब्राउझर आणि अँड्रॉइडवरून आलेल्या 400 चे 280 होतात. आयफोनवरच्या 200 मधून अ‍ॅप स्टोअरचे 30 टक्के गेले की 140 उरतात आणि त्यांचे 70 टक्के म्हणजे 98. एकाच रकमेचा मेसेज, पण फोन कुठला यावर कधी शंभरातले सत्तर हाती येतात तर कधी एकोणपन्नास. असे एकूण 378.

उरलेले 340 थेट टिपच्या दुव्यावरून, कार्डाने आले होते. तिथे प्लॅटफॉर्मचा वाटा नसतो म्हणून तो मार्ग स्वस्त वाटतो. आमच्या सेवेचा दर प्रत्येक व्यवहाराला 2.9 टक्के अधिक 30 सेंट आहे, आणि खरा घाव त्या 30 सेंटचा बसतो. एक डॉलरची टिप दिली की हाती 67 सेंट पडतात. अशा चाळीस टिपांवर 13.20 डॉलर शुल्क गेलं होतं. तेच 40 डॉलर एका टिपेत आले असते तर दीड डॉलरही गेला नसता.

आणि 300 ची एकच मोठी टिप. तिच्यासाठी त्याने एक गाणं खास गायलं होतं. मी तो व्यवहार उघडून बघत असतानाच देणाऱ्याचा निरोप आला: चुकून एक शून्य जास्त पडलं, मला 30 च द्यायचे होते, बाकीचे 270 कृपया या दुसऱ्या खात्यावर पाठवा. गायक लगेच तयार झाला. बिचारा चुकला असेल, असं त्याला मनापासून वाटलं.

व्यवहाराच्या नोंदीत मला वेगळंच दिसलं. त्या टिपेच्या आधी काही मिनिटांत त्याच नावाने, वेगवेगळ्या कार्डांनी, एक-एक डॉलरचे प्रयत्न झाले होते आणि सगळे बँकेने नाकारले होते. चोरीच्या कार्डांपैकी कुठलं चालतं ते लोक असंच तपासतात. खऱ्या कार्डधारकाला कळलं की तो बँकेकडे तक्रार करतो आणि चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ते पैसे आमच्याकडून परत घेते. तक्रारीला बहुतेक कार्डांवर चार महिन्यांपर्यंत मुदत असते. तेव्हा आमचे 300 परत गेले असते, वर 15 डॉलर दंड, आणि दुसऱ्या खात्यावर पाठवलेले 270 तर कायमचेच गेले असते.

मी डॅशबोर्डवरून त्याच व्यवहारावर रिफंड दिला, तोही पूर्ण 300 चा. फक्त 270 परत केले असते तर उरलेल्या 30 वर वाद उभा राहू शकला असता, आणि दंडाला रक्कम लहान की मोठी याचं देणंघेणं नसतं. त्या माणसाने मग लिहिलं की ते कार्ड बंद झालंय, तिकडे पैसे पोचणार नाहीत. तरी मी निर्णय बदलला नाही. रिफंड कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि बंद कार्डाचे पैसे ग्राहकापर्यंत नेणं हे तिचं काम. त्यानंतर त्याचा निरोप आला नाही. मूळ व्यवहाराचे 9 डॉलर शुल्क मात्र आम्हाला परत मिळालं नाही.

आता थेट टिपांमधून 26.80 वजा 9, म्हणजे 17.80 उरले. सुपर चॅटचे 378 धरून एकूण 395.80, तिघांना प्रत्येकी जवळजवळ 132. गायकाचा चेहरा उतरला ते मला बघवलं नाही, पण त्या रात्री दोन्ही साथीदारांना खिशातून तीनशे-तीनशे दिले असते तर तो दोनशेहून अधिक डॉलरनी खाली गेला असता. शिवाय हे 378 ही लगेच येत नाहीत. महिन्याची कमाई पुढच्या महिन्यात 21 ते 26 च्या दरम्यान निघते, तीही खात्यात किमान 100 डॉलर जमल्यावरच.

साथीदारांना आम्ही सगळा हिशेब उघडून दाखवला आणि पैसे खात्यात आल्यावर वाटायचं ठरलं. थेट टिपेची किमान रक्कम मी त्याच रात्री 3 डॉलर केली. तेवढ्या टिपेवर शुल्क 39 सेंट बसतं, म्हणजे तेहेतीस टक्क्यांवरून तेरा टक्क्यांवर येतं. आणि मोठ्या टिपा आता पडद्यावर आपोआप दिसत नाहीत, मी नोंद तपासून सोडल्यावरच दिसतात.