माळ, स्टूल आणि कपड्यांचा हँगर

आमचा डोंबिवलीतला फ्लॅट चौथ्या मजल्यावर. गॅलरीला नुसता कठडा, जाळी नाही. दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे स्टुलावर चढायचो, बायको खाली स्टुलाचे पाय धरून देवाचं नाव घ्यायची आणि मी छताच्या कडेला दिव्यांची माळ लावायचो. लावायचो म्हणजे लावायचा प्रयत्न करायचो. भिंतीत खिळा शिरत नाही, शिरला तर गिलाव्याचा पोपडा निघतो. चिकटपट्टी परतीच्या पावसाच्या ओलीने सुटते. एका वर्षी सगळं नीट जमलं, तेव्हा कळलं की पिन प्लगच्या विरुद्ध टोकाला आली आहे. ते उतरवून पुन्हा लावताना मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी मुलगी नववीत होती. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही वर का जाताय? वरची गोष्ट खाली आणा ना." आणि तिने बोट दाखवलं ते छताला टांगलेल्या कपड्यांच्या हँगरकडे. कप्प्यांवरून दोऱ्या, दोरी सोडली की नळी कमरेपर्यंत खाली, ओढली की पुन्हा छताला. रोज त्यावर टॉवेल वाळत घालणारा मी, आणि इतकी वर्षं स्टुलावर चढत होतो!

रस्त्याच्या बाजूची सर्वांत पुढची नळी तिने खाली घेतली. माळेच्या वायरीवरचं प्लास्टिक जुनं होतं, कुठे चिरलं असेल तर स्टीलच्या नळीत करंट उतरायला वेळ लागणार नाही, म्हणून ती नळी काढून पीव्हीसीची घालायची असं ठरलं. मी पाऊण इंची आणली. ती सात फुटांवर मधोमध वाकली. दुकानदाराने बदलून एक इंची दिली, ती सरळ राहिली. टोकांना दोरी सरकू नये म्हणून आधी काळ्या टेपचे वेढे दिले, वर दोरीची गाठ.

मग तिचं गणित. माळ 10 मीटर, म्हणजे साधारण 390 इंच. चार फूट प्लगपर्यंत जायला सोडली, उरली 340च्या आसपास. नळी 84 इंच. दर सहा इंचांवर पेनाने खूण केली, की 15 खुणा आणि मध्ये 14 झोके. प्रत्येक झोक्याला 24 इंच वायर, म्हणजे तो जेमतेम फूटभर खाली लोंबतो. मी इतकी वर्षं ही माळ अंदाजाने टांगायचो, त्यामुळे एका बाजूला गुच्छ आणि दुसऱ्या बाजूला अंधार! सुरुवात तिने पिनेच्या टोकाकडून केली, हे वेगळं सांगायला नको.

खुणांवर आधी कपड्यांचे चिमटे लावून पाहिले. वारा आला की ते सरकायचे. मग केबल टाय लावले, पण सैल, करकचून आवळले की वायर दबते.

वर ओढण्याआधी माळ लावून बघितली, तर मधला एक तुकडा विझलेला. तुकडाच विझला असेल तर दोष त्याच तुकड्यात असतो, कारण तेवढे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात. सगळी माळ गेली असती तर आधी पिन तपासली असती. प्लग काढून एकेक दिवा बघितला, तर एका दिव्यापाशी वायर तुटलेली, नेमकी जिथे मी दरवर्षी ती खिळ्याला पिळायचो तिथेच. सोलून पीळ दिला, टेप लावली, पेटली. स्टुलावर उभं राहून ही वायर मला जन्मात सापडली नसती.

मग दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या. एकच ओढली की नळी तिरकी होते आणि झोके एका बाजूला सरकतात.

दिवाळी संपल्यावर माळ सोडलीच नाही. नळीसकट जुन्या साडीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. या वर्षी स्टीलची नळी काढून ही अडकवायला दहा मिनिटं लागली. तक्रार फक्त बायकोची. हँगरची पुढची नळी अडकल्यामुळे चार दिवस टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळतात, आणि पाहुणे नेमके त्याच खुर्चीवर बसतात.

कंदील मात्र अजून स्टुलावर चढूनच लावतो. लेक म्हणते, त्यालाही एक कप्पी लागेल, पण ड्रिल मशीन आधी कुणाकडून तरी मागून आणा.