कॅश मोठी केली आणि मिस वाढले

त्या दिवशी दुपारपर्यंत माझा कॅश सिम्युलेटर तयार आहे असंच मी धरून चाललो होतो. एका प्रोग्रामसाठी कोणत्या आकाराची कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी आणि जलद मेमरी, पुरेल, हे प्रत्यक्ष हार्डवेअर हातात येण्याआधी टीमला ठरवायचं होतं. त्यासाठी मी सी भाषेत छोटा सिम्युलेटर लिहिला होता. प्रोग्रामने मेमरीत कुठे वाचलं-लिहिलं याची नोंद असलेली ट्रेस फाइल वाचायची, प्रत्येक पत्त्यासाठी कॅशमध्ये शोध घ्यायचा आणि शेवटी मोजदाद छापायची, एवढंच त्याचं काम: सापडलं तर हिट, नाही सापडलं तर मिस, आणि जागा करायला जुना ब्लॉक बाहेर काढला तर इविक्शन.

ट्रेस आम्ही वॅलग्राइंडच्या लॅकी टूलने काढत होतो. तिथे दर ओळीला एक अक्षर, हेक्समध्ये पत्ता आणि किती बाइट वाचले-लिहिले तो आकडा असतो. `I` ही सूचना आणण्याची ओळ, ती मी सोडून देत होतो. `L` म्हणजे वाचणं, `S` म्हणजे लिहिणं. `M` म्हणजे त्याच पत्त्यावरून वाचून तिथेच लिहिणं, म्हणून ते दोनदा मोजायचं. पत्त्याचे खालचे `b` बिट ब्लॉकच्या आतली जागा सांगतात, त्यावरचे `s` बिट सेट ठरवतात आणि उरलेला सगळा भाग टॅग. प्रत्येक सेटमध्ये `E` जागा. सगळ्या भरलेल्या असतील तर ज्या ब्लॉकला हात लागून सर्वांत जास्त काळ झाला आहे तो बाहेर काढायचा, म्हणजे एलआरयू.

माझ्या तपासण्या सगळ्या पास होत होत्या. हिट आणि मिस यांची बेरीज `L`, `S` आणि दुप्पट `M` यांच्या बेरजेइतकी येत होती. मिसमधून इविक्शन वजा केले की शेवटी भरलेल्या जागांची संख्या बरोबर मिळत होती. हाताने कागदावर सोडवलेले तीन छोटे ट्रेसही जुळले होते. मात्र ते तिन्ही मी `E` एक धरून सोडवले होते. ही गोष्ट तेव्हा मला खटकली नाही.

मग मी `s` शून्य ठेवून, म्हणजे सगळ्या कॅशचा एकच सेट करून, `E` एकेक वाढवत तक्ता काढला. शेजारी बसणाऱ्या सहकारिणीने स्क्रीनवर नजर टाकली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"इथे एक जागा वाढवलीस आणि मिस वाढले?"

"वाढलेत. पण थोडेच. ट्रेसच तसा असेल."

"एलआरयूमध्ये असं होऊच शकत नाही. तुझा सिम्युलेटर एलआरयू करत नाहीये."

ती इतकं ठामपणे बोलली याला कारण होतं. सेटची संख्या तीच ठेवून जागा वाढवल्या, तर एलआरयूमध्ये लहान कॅशमधला प्रत्येक ब्लॉक कोणत्याही क्षणी मोठ्या कॅशमध्येही असतोच. `E` तीन असेल तर सेटमध्ये सर्वांत अलीकडे वापरलेले तीन वेगवेगळे ब्लॉक असतात, चार असेल तर तेच तीन आणि आणखी एक. मग लहान कॅशला जे सापडलं ते मोठीला सापडणारच. हा गुण असलेल्या पद्धतींना स्टॅक अल्गोरिदम म्हणतात. मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्यांची मांडणी केली. जो आधी आला तो आधी बाहेर, या फिफो पद्धतीत मात्र हा गुण नाही. तिथे जागा वाढूनही मिस वाढू शकतात, आणि त्याला बेलाडीची विसंगती म्हणतात.

तिने त्या विसंगतीचं नेहमीचं उदाहरण घेऊन बारा ओळींचा ट्रेस टाइप केला. ब्लॉक सोळा बाइटचा, त्यामुळे पत्त्याचा पहिला हेक्स अंक म्हणजेच ब्लॉकचा क्रमांक. क्रम असा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. माझ्या सिम्युलेटरचं उत्तर:

```
s=0 E=3 b=4   hits:3 misses:9 evictions:6
s=0 E=4 b=4   hits:2 misses:10 evictions:6
```

हे थेट फिफोचे आकडे होते. म्हणजे कोड बघायच्या आधीच चूक कोणत्या जातीची आहे ते कळलं: ब्लॉक कधी आला याची नोंद होत होती, तो शेवटचा कधी वापरला याची होत नव्हती. फंक्शन उघडलं आणि दोन मिनिटांत जागा सापडली.

```c
for (int i = 0; i < E; i++) {
    if (set[i].valid && set[i].tag == tag) {
        hits++;
        return;
    }
}
```

ब्लॉक शेवटचा कधी वापरला ते `stamp` मध्ये लिहिणारी ओळ फंक्शनच्या अगदी शेवटी होती. आधी हिट असो वा मिस, दोन्ही वाटा तिथेच येऊन मिळत. सकाळी कोड आटोपशीर करताना मी हिटच्या वाटेवर `return` घातला आणि ती ओळ तिथून सुटली. त्यानंतर `stamp` फक्त ब्लॉक आत येतानाच लिहिला जात होता. `E` एक असताना बाहेर कोणाला काढायचं हा प्रश्नच नसतो, एलआरयू आणि फिफो अगदी सारखं वागतात. म्हणून माझे हाताने सोडवलेले ट्रेस निमूट जुळत राहिले. बेरजेच्या तपासण्यांनाही हे कळणार नव्हतं, कारण चुकीचा ब्लॉक बाहेर काढला तरी मोजणी चोखच राहते.

`return` च्या आधी एक ओळ घातली:

```c
set[i].stamp = ++tick;
```

आता तीन जागांना दहा मिस आले आणि चार जागांना आठ. तीन जागांचे मिस दुरुस्तीनंतर नऊवरून दहावर गेले, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. या ट्रेसवर तीन जागांसाठी चुकीचा सिम्युलेटर जास्त चांगलं उत्तर देत होता, आणि मिस कमी झाले म्हणून मी खूश झालो असतो तर ती चूक तशीच पुढे गेली असती.

मोठ्या ट्रेसवर तक्ता पुन्हा काढला. `E` वाढत गेला तसे मिस कमी होत गेले किंवा तेवढेच राहिले. ही कसोटी `s` तोच ठेवला तर लागू पडते. `E` वाढवताना सेटची संख्या कमी केली की कोणता ब्लॉक कुठे जातो तेच बदलतं, आणि मग अस्सल एलआरयूमध्येही मिस वाढू शकतात.

पण नुसत्या बेरजेवर मला विसंबायचं नव्हतं. त्या बारा ओळींत जुना कोड ओळीगणिक चालवून पाहिला. चार जागांचे मिस तीन जागांच्या मिसपेक्षा जास्त होतात ते थेट बाराव्या ओळीवर. अकराव्या ओळीपर्यंतचाच ट्रेस दिला असता तर दोन्हीकडे नऊ आले असते आणि कोणालाच काही कळलं नसतं. बिघाड मात्र त्याच्या बराच आधी झालेला असतो. सातव्या ओळीवर पाच क्रमांकाचा ब्लॉक आला की लहान कॅशमध्ये १, २, ५ असतात आणि मोठीमध्ये २, ३, ४, ५. एक क्रमांकाचा ब्लॉक लहानीत आहे, मोठीत नाही.

म्हणून संध्याकाळी आम्ही चाचणी बदलली. आता ती एकाच ट्रेसवर `E` आणि `E+1` अशा दोन कॅश शेजारी शेजारी चालवते, आणि प्रत्येक ओळीनंतर लहानीतला प्रत्येक टॅग त्याच सेटमध्ये मोठीत आहे का ते बघते. नसेल तिथे ट्रेसचा ओळ क्रमांक छापून थांबते. घालताना मी जुना कोड मुद्दाम परत आणून चाचणी चालवली. ती सातव्या ओळीवर थांबली.